दोन गुंठे आणि एक आंबा

आमच्या साडूंनी मुळशीकडे प्लॉट घेतला, तेव्हापासून घरातल्या कुठल्याही लग्नात जेवणाच्या पंगतीला मला भूक लागत नाही. पहिला घास तोंडाशी नेला की साडू पलीकडून विचारतात, ‘‘आमच्याकडे गुंठा कितीला गेला, माहितीय का?’’ मग तेच आकडा सांगतात. प्रत्येक लग्नात तो दोन लाखांनी वाढलेला असतो. प्लॉट कोणी घेतला, कोणी विकला, हे कधी कळत नाही. भाव मात्र मुलींसारखा बघता बघता मोठा होतो.

मी शाळेत गणित शिकवायचो. तरीही २०१६ च्या उन्हाळ्यात मी प्लॉट घ्यायला निघालो, यावरून गणिताचा आयुष्यात किती उपयोग होतो ते समजावे.

पहिला एजंट भेटला तो एका गुंठ्याचा. म्हणजे माणूस धष्टपुष्ट होता, जमीन एक गुंठा होती. ‘‘काका, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. टुमदार. शेतजमीन आहे, पण एनए होणारच आहे. तोवर नोटरी करून देतो, ताबा आजच.’’ त्याच्या बोलण्यात भूतकाळ नव्हताच. वीज येणार होती, पाणी येणार होतं, रिंगरोड तर जवळजवळ आलाच होता. मी कागद घेऊन बायकोच्या मामेबहिणीकडे गेलो. ती वकील आहे. तिने चष्मा न लावताच कागद परत केले.

‘‘भाऊजी, तुम्ही शेतकरी आहात का?’’

‘‘कुंडीत तुळस आहे.’’

‘‘मग शेतजमीन घेताच येत नाही. कुळकायद्याचं ६३ वं कलम. आणि शेतकरी असतात तरी एक गुंठा कसा घ्याल? तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. ठरवलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही. नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे, एवढंच सांगणारा माणूस. जमीन तुमची झाली, हे तो सांगत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं.’’

‘‘पण तो म्हणतो, सगळे करतात.’’

‘‘करतात ना. म्हणूनच आमची घरं चालतात.’’

पुढे २०२५ मध्ये सरकारने असे जुने तुकडे नियमित करायची घोषणा केली, तेव्हा त्या एजंटचा आठवणीने फोन आला. ‘‘बघा काका, म्हटलं नव्हतं का, होणार आहे?’’ त्याचं ‘होणार’ व्हायला नऊ वर्षं लागली, आणि तेसुद्धा सगळीकडे नाही, अमुक हद्दीतल्या तमुक जमिनींना. पण माणूस खोटं बोलला नव्हता, हे मान्य करायला हवं.

वकीलताईंच्या धाकाने मी सरळ एनए लेआउटमधला प्लॉट शोधला. पुणे-सातारा रस्त्याने टोलनाका ओलांडून पुढे, भोर तालुक्यात. मूळ शेतकऱ्याची जमीन, एका विकसकाने प्लॉट पाडलेले, जिल्हाधिकाऱ्यांचा अकृषिक आदेश फ्रेम करून टेबलामागे लावलेला. देवाचा फोटो त्याच्या शेजारी, पण थोडा खाली. एजंटने आम्हाला एप्रिलच्या दुपारी जागेवर नेलं. सगळीकडे करपलेलं गवत आणि मधोमध एक आंबा, मोहरलेला, कैऱ्या धरलेला. ‘‘हाच तुमचा नऊ नंबर,’’ तो आंब्याखाली उभा राहून म्हणाला. आमच्या सौभाग्यवतींनी तिथेच ठरवलं की पाळणा कुठल्या फांदीला बांधायचा. दोन गुंठे, गुंठा साडेपाच लाख, एकूण अकरा लाख.

मी खिशातून चेकबुक काढणार, तेवढ्यात वकीलताईंचा फोन आला. ‘‘टोकनसुद्धा देऊ नका. आधी सर्च.’’

सर्च म्हणजे मागच्या तीस वर्षांत ही जमीन कोणी कोणाला विकली, गहाण टाकली, बक्षीस दिली, याचा निबंधक कार्यालयात बसून घेतलेला शोध. ‘सूची क्रमांक दोन’ नावाच्या नोंदी एकेक वर्षाने चाळायच्या. त्याच्या जोडीला सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार. माझी समजूत होती की सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी. ताईंनी ती पहिल्याच दिवशी मोडली. सातबारा महसूल खात्याचा. सारा कोणाकडून घ्यायचा ते सरकारला कळावं म्हणून ठेवलेला. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण त्याने मालकी जन्माला येत नाही. ‘‘आणि तो भिंतीवरचा एनए आदेश?’’ मी विचारलं. ‘‘जमीन शेतीची राहिली नाही, एवढंच तो सांगतो. जमीन कोणाची, ते सांगत नाही.’’ तरी लोक तो फ्रेम करून लावतात, कारण बाकीचे कागद फ्रेममध्ये मावत नाहीत.

आठ दिवसांनी ताईंनी मला बोलावून घेतलं आणि १९८७ च्या एका फेरफारावर बोट ठेवलं. शेतकऱ्याचे आजोबा वारले, वारस म्हणून दोन मुलांची नावं लागली.

‘‘मुलगी नव्हती?’’ ताई.

‘‘कागदावर तर नाही.’’

‘‘कागदावर कोणालाच मुली नसतात, भाऊजी. गावात विचारा.’’

गावात विचारलं. चहाच्या टपरीवर पहिल्याच माणसाने सांगितलं, ‘‘आहे की! फलटणला दिलीय. आत्या.’’

आम्ही हे विकसकाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की जणू आत्या आम्हीच आणली. ‘‘अहो, तिचं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली!’’ लग्न झाल्याने वारसा जात नाही, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी वडिलांची वारस आहे, २००५ च्या दुरुस्तीने तर तिला मुलाच्या बरोबरीने आणून बसवलं आहे, हे ताईंनी त्याला शांतपणे समजावलं. बाकीच्या प्लॉटवाल्यांनी हे विचारलं नव्हतं का? ‘‘तुम्ही पहिलेच,’’ तो म्हणाला. ही माझी स्तुती होती की तक्रार, ते अजून उमगलेलं नाही.

शेवटी एका रविवारी शेतकरी, त्याचा भाऊ, विकसक आणि मी असे चौघे एका जीपमधून फलटणला गेलो. आत्या सत्तरीपुढची, डोक्यावर पदर, नजर निबंधकापेक्षा कडक. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि भाच्याला म्हणाली, ‘‘बाप गेला तेव्हा तलाठ्याला मी आठवले नाही. आता दोन गुंठ्याला गिऱ्हाईक आलं, तर एकदम आत्या?’’ जीपमध्ये आलेल्या चारही पुरुषांनी चहाच्या कपात बघितलं. पुढचे व्यवहार मला नीट कळू दिले नाहीत. पण आत्याला तिचं काहीतरी मिळालं, आणि माझ्या खरेदीखतात ती ‘मान्यता देणार’ म्हणून सही करायला आली. अंगठा नव्हे, ठसठशीत सही. त्या दिवशी निबंधक कार्यालयात मला एकटी तीच मालकासारखी दिसली.

ताईंनी आणखी एक गोष्ट बघितली, ती पटकन सांगतो. विकसक शेतकऱ्याच्या कुलमुखत्यारपत्रावर विकत होता. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सर्वसाधारणपणे संपतं. म्हणून ताईंनी शेतकऱ्याला स्वतः हजर राहायला लावलं. तो जिवंत आहे, याची अशी खात्री त्याच्या बायकोनेही कधी केली नसेल. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, चौदा दिवस हरकतीची वाट बघितली. हरकत आली नाही, फक्त साडूंचा फोन आला. त्यांनी नोटीस वाचली होती आणि गुंठा महाग घेतला, असं त्यांचं मत होतं.

आता खर्च. माझ्या डोक्यात अकरा लाख हा आकडा होता. प्रत्यक्षात तो नुसता प्रवेश होता. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सत्त्याहत्तर हजार. (शुल्क तुमच्या किमतीवर की सरकारी बाजारमूल्यावर? दोन्हीत जे जास्त त्यावर. या बाबतीत सरकार कधी गोंधळत नाही.) वकीलताईंनी नात्यातले म्हणून बारा हजार घेतले. नोटिशीचे साडेतीन हजार, एजंटचे अकरा हजार. आणि खरेदीखताच्या आदल्या रात्री विकसकाने फोन करून सांगितलं, ‘विकास शुल्क’ पंच्याहत्तर हजार वेगळं. कसला विकास? रस्ता, दिवे, कमान. कमान खरंच झाली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लेआउटचं नाव आहे आणि तिच्यापासून आत जाणारा रस्ता अजून व्हायचा आहे. एक गोष्ट मात्र मी बरी केली: त्या पैशांची पावती मागून घेतली. का मागितली ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

पावसाळा आला आणि प्लॉट गेला. म्हणजे गेला कुठेच नाही, पण सापडेना. गवत कमरेएवढं, हद्दीचे दगड कोणीतरी चुलीला नेलेले. आम्ही आंबा धरून मोजलं, तर शेजारच्या प्लॉटवर कोणी काका हातात टेप घेऊन उभे. त्यांचंही म्हणणं, आंबा त्यांचा. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज केला, सहा हजार भरले. तारीख आली तेव्हा दिवाळी जवळ आली होती. भूकरमापक आला, नकाशा पसरला, मशीन लावलं, आणि खुणा करत करत आमच्यापासून हळूहळू दूर जात राहिला. शेवटची खूण झाली तेव्हा आंबा त्या काकांच्या दहा नंबरात, हद्दीपासून चांगला आठ फूट आत होता. आमच्या नऊ नंबरात एक वारूळ आलं. विकत घेण्याआधी मोजणी केली असती तर आंबा नाही हे आधीच कळलं असतं, असं ताई म्हणाल्या. हे त्यांनी आधी सांगितलं होतं का? सांगितलं होतं. पण तेव्हा मी आंब्याखाली उभा होतो.

खुणा पुन्हा कोणी चुलीत घालू नये म्हणून सिमेंटचे खांब आणि काटेरी तार लावली: पंचेचाळीस हजार. खांब पुरले त्याच महिन्यात नोटा बंद झाल्या. गवंडी जुन्या पाचशेच्या नोटा घ्यायला तयार नव्हता आणि जमिनीचा भाव कोणी विचारेनासा झाला. त्यानंतर वर्षाला सहा हजार ‘मेंटेनन्स’ विकसकाच्या संस्थेला आणि अडीच हजार गवत कापायला. नऊ वर्षं. मला घरात कधी बागकाम करू दिलं नाही. भोर तालुक्यात मी दरवर्षी अडीच हजारांचं गवत कापत होतो.

माझं गणित मी एकदा फळ्यावर मांडावं तसं मांडलं. सगळं मिळून चौदा लाख सहा हजार. अकरा लाखांच्या जागेवर तीन लाखांहून जास्त रक्कम अशी खर्च झाली की जिचा पंगतीत कोणी उल्लेख करत नाही. ‘गुंठा कितीला गेला’ असा जो प्रश्न असतो, त्यात वारुळाचं गवत धरलेलं नसतं.

तरी मधल्या काळात मी खूश होतो, कारण साडूंच्या हिशेबाने माझा गुंठा आता चौदा लाखांचा झाला होता. दोन गुंठे म्हणजे अठ्ठावीस लाख. २०२२ मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी पैसे लागले आणि मी तो विकायला काढला.

तेव्हा मला कळलं की जमिनीचा भाव ही अफवा आहे आणि ती खरी की खोटी हे फक्त विकणाऱ्यालाच कळतं. म्हणूनच साडू विकत नाहीत.

एजंटला फोन केला. सहा वर्षांपूर्वी माझ्यासाठी जो एप्रिलच्या उन्हात उभा राहिला होता, त्याला आता माझा आवाज ओळखू येईना. ‘‘काका, सध्या मार्केट थंड आहे.’’ विकताना मार्केट थंड असतं. घेताना नेहमी चटका बसतो. मी प्लॉटवर ‘विकणे आहे’ असा फलक लावायचं ठरवलं, खांबाला बांधला तर गवतात दिसेना, म्हणून शेजारच्या आंब्याला बांधला.

पहिलं गिऱ्हाईक आलं, ते आंबा बघून खूश झालं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, आंबा त्या बाजूचा. ते गेले. दुसरे आले, त्यांना निम्मे पैसे रोखीत द्यायचे होते. मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, जशी मी नापास मुलांकडे पाहायचो. तिसरं जोडपं खरंच घेणार होतं. दोघेही संगणकातले, गोड स्वभावाचे, बँकेचं कर्ज काढणारे. बँकेने आपला वकील लावला. माझा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मी अभिमानाने पुढे केला. त्याने तो बाजूला ठेवला. २०१६ पासूनचं पुन्हा बघायचं. सर्च रिपोर्ट दुधासारखा असतो, ठेवला की नासतो. आत्याची सही बघून मात्र तो म्हणाला, ‘‘वा! हे कोणी केलं?’’ माझी मान ताठ झाली. मग त्याने लेआउटचा सातबारा काढला आणि रस्त्यावर बोट ठेवलं. कमानीपासून नऊ नंबरपर्यंतचा रस्ता नकाशात होता, पण सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याच्या नावावर. विकसकाने तो ग्रामपंचायतीकडे वर्ग केलाच नव्हता. ‘‘उद्या त्यांनी तार ओढली तर तुम्ही प्लॉटवर जाणार कसे?’’ जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. बँकेने कर्ज नाकारलं. मी विकसकाकडे गेलो. तो म्हणाला, ‘‘होणार आहे.’’

छोट्या प्लॉटची ही खरी गोम. फ्लॅट असता तर कोणीतरी राहायला आलं असतं, भाडं तरी मिळालं असतं. शेत असतं तर कोणी वाट्याने केलं असतं. दोन गुंठ्यांवर घर बांधायला माणूस येत नाही, कारण पाण्याची टाकी यायची आहे. गुंतवणूक म्हणून घ्यायला येत नाही, कारण कर्ज मिळत नाही. उरतो फक्त तो, ज्याच्याकडे रोख पैसा आहे आणि ज्याला घाई नाही. आणि ज्याला घाई नाही, तो भाव देत नाही.

तीन वर्षं गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात दहा नंबरच्या काकांचा फोन आला. ‘‘मास्तर, तुमचा नऊ नंबर मी घेतो. गुंठा पावणेदहा.’’

‘‘अहो, चौदाचा भाव चालू आहे!’’

‘‘चालू असेल. पण तुम्ही तीन वर्षं विकताय, हे मला माहीत आहे. फलक माझ्याच आंब्याला बांधलाय तुम्ही.’’

याला उत्तर नव्हतं. लहान प्लॉटला खरं गिऱ्हाईक एकच असतं, शेजारी. त्याला रस्ता आधीपासून ठाऊक असतो आणि तुमची गरजही. साडेएकोणीस लाखांना खरेदीखत झालं. एजंटने दोन टक्के, एकोणचाळीस हजार घेतले. त्याने केलं काय, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘काका, शेजारी मीच तर आणून बसवला होता.’’

रात्री मी पुन्हा फळ्याचं गणित केलं. सुरुवातीला एकदम गेलेले तेरा लाख तीस हजार साडेसहा टक्क्यांनी मुदतठेवीत नऊ वर्षं पडून राहिले असते, तर व्याजावरचा कर सोडून साधारण साडेतेवीस लाख झाले असते. माझ्या हाती आले एकोणीस लाख अकरा हजार. वर गवताचे आणि मेंटेनन्सचे गेले ते वेगळे. बायकोला हे सांगितलं नाही. तिने आपणहून विचारलं, ‘‘आंबा तरी त्यांनी सोडला का?’’

पण खरा धक्का आयकराच्या वेळी बसला. सीएकडे गेलो, म्हटलं, आता नफ्यावर कर किती? २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीला दोन पर्याय आहेत, त्याने सांगितलं: सरळ साडेबारा टक्के, किंवा महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के, जे कमी पडेल ते. त्याने माझ्या पावत्या मागितल्या. विकास शुल्काची पावती बघून तो इतका आनंदला की मला त्या कमानीबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं. मुद्रांक, वकील, नोटीस, एजंट, कुंपण सगळं धरून खर्च तेरा लाख साडेतेवीस हजार. मेंटेनन्स आणि गवत यात चालत नाही. २०१६-१७ चा निर्देशांक २६४, २०२५-२६ चा ३७६. त्याने बटणं दाबली, दोनदा दाबली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘‘सर, महागाई वजा केली तर नऊ वर्षांत तुमचा नफा सव्वीस हजार.’’

‘‘एकूण?’’

‘‘एकूण. कर साधारण पाच हजार चारशे.’’

आयुष्यात प्रथमच सरकारने माझ्या दुःखाची अचूक नोंद घेतली होती. मी कर त्याच दिवशी भरला.

मागच्या महिन्यात भाच्याच्या लग्नात साडू भेटले. जेवणाच्या वेळी मी वाट बघत होतो, पण त्यांनी भाव सांगितला नाही. वरणभात कालवत हळूच म्हणाले, ‘‘मुळशीचा काढायचा म्हणतोय. कोणी आहे का ओळखीत?’’

तीन गुंठे आहे, एनए, वेगळा सातबारा. मी जाऊन बघून आलो आहे. रस्ता ग्रामपंचायतीच्या नावावर आहे, मोजणीचा नकाशा आहे, आणि गावात चौकशी केली आहे, आत्या नाही. आंबाही नाही. गुंठा सोळा म्हणतात, पण बोलणी होतील. कोणाला हवा असल्यास कळवावे; साडूंना घाई आहे, हे मात्र मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नये.